उसना घेतलेला वेळ: हेतुपुरस्सर स्क्यूची तीन दशके

पवईच्या आयआयटीतून 1987 साली बी.टेक. होऊन बाहेर पडलेले सचिन सापत्नेकर पुढे अमेरिकेत चिपच्या वेळेच्या गणितात नावाजले. त्यांनी आणि आर. बी. देवकर यांनी 1994 मध्ये क्लॉक स्क्यूवर मांडलेला निबंध या मागोव्यात महत्त्वाचा आहे. सुरुवातीला क्लॉकची नाडी सगळ्या फ्लॉपना एकाच क्षणी मिळावी, स्क्यू शून्य असावा, हाच आदर्श मानला जाई. 1990 मध्ये जॉन फिशबर्न यांनी हा आदर्श उलटवला. क्लॉक मुद्दाम मागेपुढे केला तर संथ मार्गाला वेळ मिळतो, आणि किती मागेपुढे करायचा हे रेखीय समीकरणांनी ठरवता येते, असे त्यांनी दाखवले. त्या मांडणीत सेटअप आणि होल्ड या दोन्ही अटी सुरुवातीपासून शेजारी-शेजारी होत्या. माझे म्हणणे एवढेच, की पुढच्या काळात जिथे स्क्यू अंगाशी आला, तिथे बहुधा यातली दुसरी अट नंतर पाहू म्हणून बाजूला ठेवलेली असते.

एक उदाहरण घेऊ. अ, ब, क असे ओळीने तीन फ्लॉप आहेत आणि क्लॉकचा आवर्तकाल 1000 पिकोसेकंद आहे. संथ कोपऱ्यात, म्हणजे कमी व्होल्टेज आणि मंद ट्रान्झिस्टर धरून, अ ते ब या मार्गाला सेटअपसह 1080 लागतात, तर ब ते क ला 820. पहिल्या टप्प्यात 80 ची तूट आहे, दुसऱ्यात 180 ची शिल्लक. ब चा क्लॉक 100 ने उशिरा पोहोचवला, की पहिल्यात 20 उरतात आणि दुसऱ्यात 80. एकही लॉजिक गेट न बदलता दोन्ही टप्पे बसले. ही उसनवारी आहे: ब ला मिळालेला वेळ क च्या टप्प्यातून आला. म्हणूनच ज्या फ्लॉपचे उत्तर फिरून त्याच्याकडेच येते, त्याला स्क्यूचा काही उपयोग नाही. लांब वेटोळ्यातही उशिरांची बेरीज शून्यच होते, त्यामुळे वेटोळ्याच्या सरासरी विलंबाखाली आवर्तकाल जाऊ शकत नाही.

आता होल्ड. ब कडे शेजारच्या एका फ्लॉपमधून एक आखूड मार्गही येतो. जलद कोपऱ्यात त्याचा डेटा 60 मध्ये पोहोचतो आणि होल्डला 20 लागतात, म्हणजे 40 ची शिल्लक. क्लॉकमधला उशीर या कोपऱ्यात आकसून 70 होतो, तरीही 30 ची तूट येते: ब जुने मूल्य पकडण्याआधीच नवे येऊन धडकते. डेटाच्या वाटेत बफर घालून ही तूट भरतात. पण जलद कोपऱ्यातले 30 संथ कोपऱ्यात सुमारे 43 होतात. तो बफर अ ते ब च्या संथ मार्गाशी सामाईक असलेल्या तुकड्यावर बसला, तर तिथली 20 ची शिल्लक जाऊन पुन्हा 23 ची तूट. म्हणून बफर फक्त आखूड मार्गाच्या स्वतंत्र भागातच घालावा लागतो. असा भागच नसेल, तर 100 चा उशीर परवडत नाही, तो कमी करावा लागतो.

बफर स्वस्त आहेत, होल्ड शेवटी दुरुस्त करता येतो, असा एक आक्षेप असतो. एका बफरपुरता तो खरा आहे. पण उशीर केलेल्या फ्लॉपकडे अनेक आखूड मार्ग येतात, प्रत्येकाला बफर लागतो, आणि ते जागा व वीज खातात. शिवाय सेटअप चुकला तर क्लॉक मंद करून चिप वापरता येते. होल्डच्या गणितात आवर्तकाल येतच नाही, त्यामुळे तिथली चूक क्लॉक कितीही मंद केला तरी तशीच राहते. चिप तयार झाल्यावर हे ओळखायची खूणही हीच: वारंवारता उतरवूनही बिघाड जात नसेल, तर संशय होल्डवर घ्यावा. मुळात संथ लॉजिकच सुधारा, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शक्य असेल तिथे तेच करावे. पण शेजारच्या टप्प्यात शिल्लक पडून असताना गेट मोठे करत जाणे म्हणजे वीज वाया घालवणे.

देवकर-सापत्नेकरांचे मोल इथे दिसते. त्यांनी या अटी आलेखावर मांडल्या: फ्लॉप हे बिंदू, अटी या कडा, आणि नियमभंग म्हणजे आलेखातले एक विशिष्ट वेटोळे. त्यामुळे मोठ्या सर्किटवरही गणित झपाट्याने होऊ लागले, आणि त्यातही होल्डची कड सेटअपच्या कडेइतकीच बंधनकारक राहिली. आजची साधने क्लॉक आणि लॉजिक एकत्र सुधारतात, पण त्यांना किती मोकळीक द्यायची हे अभियंताच ठरवतो. त्याने उशिराची कमाल मर्यादा ब च्या पुढच्या मार्गांची सेटअप शिल्लक आणि ब कडे येणाऱ्या मार्गांची जलद कोपऱ्यातली होल्ड शिल्लक, अधिक बफरने भरता येईल तेवढी तूट, या दोन्ही पाहून घालावी, आणि तीही क्लॉकचे झाड बांधण्याआधी.