दुकानदाराला बिलाचा फोटो कसा काढायला सांगाल?

समजा, तुमच्या प्रकल्पासाठी कोल्हापुरातला एक किराणा दुकानदार लक्ष्मीपुरीतून आणलेल्या मालाच्या बिलांचे फोटो पाठवणार आहे. त्यावरून संगणक माल, वजन, दर आणि रक्कम वाचणार. 'फोटो नीट काढा' एवढं सांगून भागत नाही. तीन गोष्टी नेमक्या सांगाव्या लागतात.

पहिली, अंतर. छापील अक्षरं वाचायला साधारण दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. ए-५ आकाराचं बिल २१ सेमी, म्हणजे सव्वाआठ इंच लांब. म्हणून फोटोत त्याच्या लांबीला सुमारे २५०० पिक्सेल मिळायला हवेत. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेलची असते, म्हणजे बिलानं निदान दोन तृतीयांश चौकट व्यापली पाहिजे. नेहमीच्या मोबाईलवर हे साधारण २५ सेमीवरून जमतं. दुकानदाराला सांगा, 'एक वीत आणि वर दोन बोटं.' झूम नको, त्यानं नवा तपशील येत नाही. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नाहीतर तो आकसतो.

दुसरी, उजेड. डोक्यावरच्या ट्यूबखाली फोटो काढला की हाताची सावली बिलावर पडते. काळं-पांढरं वेगळं करताना संगणक पूर्ण चित्राला एकच सीमा लावत असेल, तर सावलीतला कागदही काळा ठरतो. फ्लॅश लावला तर गुळगुळीत कागदावर पांढरा डाग येतो आणि त्याखालचे आकडे जातात. दुकानाच्या दाराशी, थेट ऊन नसलेल्या जागी, उजेड बाजूनं येईल असं बिल ठेवावं.

तिसरी, सपाटपणा. यातली चूक सगळ्यात फसवी. समजा, बिलाचा उजवा खालचा कोपरा १ सेमी उचललेला आहे आणि तिथली एक ओळ मध्यापासून ९ सेमी खाली आहे. कॅमेरा २५ सेमीवर असेल तर कोपऱ्यातली रक्कम ९ × १ ÷ २४, म्हणजे जवळपास ४ मिमी खाली सरकलेली दिसते. दोन ओळींत अंतर ६ मिमीच असेल, तर ती पुढच्या ओळीला जास्त जवळची ठरते.

मग काय होतं? शेंगदाणे १० किलो, दर १२०, रक्कम १२००. खाली गूळ २० किलो, दर ५०, रक्कम १०००. संगणक गुळासमोर १२०० लिहितो. आकडे बरोबर वाचलेत, त्यामुळे रकमांची बेरीज जुळते आणि आपण निर्धास्त राहतो. म्हणून फक्त बेरीज तपासू नका. प्रत्येक ओळीत वजन × दर करून बघा. २० × ५० म्हणजे १२०० नव्हे, इथे चूक पकडली जाते.

उपाय दुकानातच आहे. कोऱ्या कडांवर, चारी कोपऱ्यांत तराजूची छोटी वजनं ठेवायची. वर काच नको, ती चमकते. एवढं करूनही पुसट कार्बन कॉपी वाचता येईलच असं नाही. ती बिलं हातानं भरा आणि तशी नोंद ठेवा.