पन्नास फुटांची विहीर आणि पस्तीस मीटरचं हेड

सांगोल्याकडच्या एका डाळिंबाच्या बागेत भर दुपारी पाहिलेली गोष्ट. विहिरीवर सौरपंप चालू होता. पाइप मोकळा सोडला की पाण्याचा फोक लांब उडायचा, पण तेच पाणी ठिबकला जोडलं की वरच्या कोपऱ्यातल्या लॅटरलचे शेवटचे ड्रिपर कोरडे राहायचे. शेतकरी म्हणाले, "विहीर पन्नास फूट, पंप तीस मीटरचा, म्हणजे शंभर फुटांचा. मग कमी कुठं पडतंय?"

कमी पडत होतं हेड. पंपाला पाणी फक्त विहिरीतून वर आणायचं नसतं, वाटेतला सगळा विरोधही मोडायचा असतो. त्याची मीटरमध्ये केलेली बेरीज म्हणजे हेड.

ती बेरीज आम्ही बांधावरच केली. मे महिन्यात पाणी जमिनीपासून 12 मीटर खाली जातं आणि उपसा सुरू झाला की आणखी 3 मीटर उतरतं, म्हणजे 15 झाले. शेताचा वरचा कोपरा विहिरीच्या काठापेक्षा 4 मीटर उंच. दीडशे मीटर लांबीच्या 63 मिलिमीटर पाइपात घर्षणापोटी साधारण 2 मीटर जातात. ड्रिपरला एक किलो दाब लागतो, तो 10 मीटर उंचीएवढा, आणि फिल्टर व लॅटरल मिळून आणखी 4 मीटर खातात. एकूण 35 मीटर. यात विहिरीचा वाटा निम्म्याहूनही कमी! पाइप 50 मिलिमीटरचा असता, तर घर्षण जवळपास तिप्पट झालं असतं. पाइपात वाचवलेले पैसे पंपाकडून असे वसूल होतात.

आता पाणी किती हवं? एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. या दोन एकरांच्या बागेला ऐन उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर धरले, तर चाळीस हजार लिटर होतात. पंप पूर्ण जोमानं दिवसाचे सहा तास चालतो असं समजलं, तर ताशी सुमारे सात हजार लिटर हवेत. विहिरीचे झरे दिवसाला तेवढं पाणी देत नसतील, तर मोठा पंप घेऊन काहीच साधत नाही. म्हणून आधी उपसा करून पातळी किती वेळात पूर्ववत होते ते पाहावं, आणि तेही मे महिन्यातच.

ताशी सात हजार लिटर 35 मीटर चढवायला निव्वळ 670 वॅट ताकद लागते. पंप आणि मोटर मिळून निम्म्याहून जास्त ऊर्जा गमावतात, त्यामुळे सुमारे 1500 वॅट वीज द्यावी लागते. तापलेलं, धुळीनं माखलेलं पॅनल छापलेल्या आकड्याच्या ऐंशी टक्केच देतं, हे धरलं की किमान 1900 वॅटचे पॅनल झाले. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत 3 एचपीचा पंप बसतो, म्हणजे ताकदीची अडचण नव्हती. चूक हेड निवडताना झाली होती. विक्रेत्यानं फक्त विहिरीची खोली विचारली. तीसऐवजी पन्नास मीटरचा पंप घेतला असता, तर काम भागलं असतं.

हेडमध्ये थोडी सवड का ठेवायची, ते कंट्रोलरकडे पाहिल्यावर कळतं. ऊन असेल तेवढी वीज पॅनलमधून काढून त्या मापानं मोटर फिरवणं हे त्याचं काम. वेग हर्ट्झमध्ये दिसतो. सकाळी 35, दुपारी 50. वेग सत्तर टक्क्यांवर आला की पाणी थोडंच कमी होईल असं वाटतं, पण पंपाची पाणी चढवण्याची क्षमता निम्म्यावर येते. त्यामुळे जेमतेम पुरणारा पंप सकाळी नुसता फिरत राहतो आणि ड्रिपर कोरडेच. पॅनल थोडे जास्त असले की पूर्ण वेग लवकर गाठला जातो.

दोष शोधायलाही हाच आकडा कामाला येतो. दुपारी हर्ट्झ 50 आणि फिल्टरपुढचा दाबमापक अर्धा किलोही दाखवत नसेल, तर पंपाचं हेड अपुरं किंवा फिल्टर तुंबलेला. फिल्टरच्या आधी दाब बरा आणि नंतर घसरलेला असेल, तर तो धुवावा. ऐन दुपारी हर्ट्झच 38 च्या पुढे जात नसेल, तर पॅनलवर सावली किंवा धूळ आहे. आणि पंप मधूनच बंद पडून पडद्यावर 'ड्राय रन' दिसत असेल, तर विहीर आटतेय. तो इशारा बंद करून पंप चालवला, तर मोटर जळते.

त्या बागेत नवा पंप बसवणं तेव्हा शक्य नव्हतं. बागेचे दोन भाग करून एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडा ठेवला. पाणी कमी वाहू लागलं तसा पंपाचा दाब वाढला, दाबमापकाचा काटा एक किलोपाशी आला आणि कोपऱ्यातला शेवटचा ड्रिपर ठिबकू लागला. मात्र आता प्रत्येक भागाला एक दिवसाआड पाणी मिळतं.