शैली, सवलत की स्खलन?

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी बरडचा मुक्काम हलवून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि त्या दिवशीचा तळ नातेपुत्यास पडतो, तेव्हा या गावात राहणाऱ्या जिज्ञासूला जी एक गोष्ट घरबसल्या ऐकावयास मिळते, ती म्हणजे एकाच अभंगाचे निरनिराळ्या दिंड्यांच्या तोंडी रुळलेले निरनिराळे पाठ. एका फडाची परंपरा जेथे एक क्रियापद म्हणते, तेथे दुसऱ्या फडाची दुसरेच म्हणते. आणि गावच्या शाळेत व्याकरण शिकलेला एखादा तरुण हातातील छापील पुस्तिका पाहून, ‘मूळ कवीचेच येथे चुकले आहे’ असा फैसला देऊन मोकळा होतो. त्याच्या शेजारी उभा असलेला वयोवृद्ध टाळकरी ‘संतांचे कधी चुकत नसते’ एवढे म्हणून तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने बंद करतो. हे दोन्ही निकाल पुरावा न तपासता दिलेले असल्यामुळे मला सारखेच अग्राह्य वाटतात.

प्रश्न नवा नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात काव्यदोषांची जी यादी दिली, तीत व्याकरणाला सोडून गेलेल्या पदास ‘च्युतसंस्कृति’ अशी संज्ञा देऊन त्याने ते दोषांत जमा केले. परंतु त्याच उल्लासात पुढे, दुसऱ्याच्या बोलण्याचे अनुकरण असेल तेथे कोणताच दोष दोष राहत नाही, आणि वक्ता कोण, प्रसंग कोणता यांच्या औचित्याने दोषसुद्धा कोठे गुण ठरतो, तर कोठे गुणही नाही आणि दोषही नाही असा राहतो, असेही त्याने नमूद केले. हा तिसरा वर्ग आमचे टीकाकार सहसा विसरतात. कवीने हेतुपुरस्सर केलेली मोड ही शैली, नजरचुकीने झालेली मोड हे स्खलन. पण छंदाने मागितली म्हणून आणि भाषेने दिली म्हणून घेतलेली मोड या दोहोंत बसत नाही. तिला मी सवलत म्हणतो. मात्र या तिन्ही वर्गांच्या आधी एक चौथी शंका निरसून घ्यावी लागते, ती ही की आपण ज्या ओळीचा न्याय करीत आहोत ती ओळ कवीचीच आहे काय?

ही शंका किती व्यावहारिक आहे हे दाखविण्यासाठी कोणाच्या अभंगाचा आधार न घेता मीच जुळविलेला एक चौक घेतो. मोठ्या अभंगाचा सर्वपरिचित साचा सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चार चरणांचा असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक असते.

नीरेचिया कांठीं । करीं मी विसांवा ।
आठवीं त्या गांवा । सोडिलेल्या ॥

आजच्या वाचकाला यात चार ठिकाणी ठेच लागेल. ‘नीरेचिया’ हे ‘नीरेच्या’ऐवजी आले आहे, ‘करीं मी’ आणि ‘आठवीं’ यांचा काळ व पुरुष चटकन कळत नाही, ‘गांवा’ला ‘ला’ हा प्रत्यय नाही, आणि ‘सोडिलेल्या’ हे विशेषण ज्या नामाचे, त्या नामाच्या मागून आले आहे. यांपैकी पहिला प्रकार निव्वळ सवलतीचा आहे. ‘नीरेच्या कांठीं’ म्हटल्यास पाचच अक्षरे होतात, ‘नीरेचिया’ने सहा भरतात, आणि ‘चिया’ हे रूप जुन्या मराठीत राजरोस चालत असल्याने कवीने भाषेच्या भांडारातून हक्काने मिळणारेच नाणे उचलले आहे. ‘करून’, ‘करोनि’, ‘करोनियां’ या मालिकेचाही हाच न्याय. तिसरा प्रकारही तसाच, कारण विभक्तिप्रत्यय न लावता नुसत्या सामान्यरूपाने कर्म किंवा संप्रदान दाखविण्याची चाल जुन्या पद्यात सर्रास आहे. चौथा प्रकार दूरान्वयाचा. तेथे लिंग, वचन व सामान्यरूप जुळत आहेत तोवर तक्रारीस जागा नाही.

खरी मौज दुसऱ्या प्रकारात आहे. जुन्या मराठीत वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचनाचे रूप ‘मी करीं’ असे सानुनासिक असे आणि तृतीयपुरुषी रूप ‘तो करी’ असे निरनुनासिक असे. ‘मी जाणें’ आणि ‘तो जाणे’ यांतही तेवढ्या एका टिंबाचाच भेद. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार बाद केले, ते आधुनिक गद्यापुरते योग्यच झाले. शिवाय केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळानुसारच छापावे अशी तजवीज त्याच नियमांत करून ठेवली आहे. परंतु यात्रेत विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांचा जुळारी नियमाच्या या अपवादापर्यंत पोहोचतोच असे नाही. तो सरसकट टिंबे उडवितो, आणि मग आमच्या चौकाचे ‘करी मी विसावा, आठवी त्या गावा’ असे होते. आता ‘मी’ या कर्त्याशी ‘करी’ हे तृतीयपुरुषी क्रियापद बसत नाही, आणि ‘आठवी’ ही तर इयत्ता वाटू लागते! यावर एक वाचक म्हणेल, कवीला पुरुष जुळविता आला नाही. दुसरा अधिक विद्वान वाचक म्हणेल, कवी स्वतःकडे त्रयस्थपणे पाहत आहे म्हणून त्याने मुद्दाम तृतीयपुरुष योजिला. दोघेही ज्याच्यावर वाद घालीत आहेत तो दोष किंवा ती शैली छापखान्यात जन्मास आलेली असते.

मग एखादा सुधारक पुढे सरसावतो आणि ‘करितो विसावा, आठवितो गावा’ अशी दुरुस्ती करतो. अक्षरे मोजून पाहा, बरोबर सहा-सहा भरतात, यमकही शाबूत राहते, आणि व्याकरणाची फिर्यादही मिटते. फक्त ‘मी’ आणि ‘त्या’ हे दोन शब्द गायब झालेले असतात; गाव कोणतेही एक नसून ‘ते’ गाव आहे, हा बोटाने दाखविल्यासारखा भाव त्यांच्याबरोबर गेलेला असतो. सुधारलेली ओळ मुळापेक्षा सुबोध असते म्हणूनच ती संशयास्पद समजावी, कारण नकलकार अवघड रूपाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शोधन केले ते अशाच अपपाठांमुळे, आणि तेव्हा ज्ञानेश्वरांच्या काळाला तीनशे वर्षे पुरती झालेली नव्हती. पुढे मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुराम शास्त्री आणि शंकर पांडुरंग या पंडितद्वयाने १८६९ पासून १८७३ पर्यंत तुकारामबोवांची गाथा सिद्ध केली, तेव्हाही एका वहीवर विसंबून न राहता ठिकठिकाणच्या हस्तलिखितांची साक्ष काढून ती ताडून पाहावी लागली.

आता याहून कठीण प्रकरण घेऊ. समजा, हाच चौक कर्त्याच्या नावाशिवाय दोन वह्यांत सापडला, आणि एकीत शेवटचा चरण ‘सोडिलेल्या’ तर दुसरीत ‘सोडिलेला’ असा निघाला. दुसरा पाठ प्रथमदर्शनी उघड चूक दिसतो, कारण ‘गांवा’ या सामान्यरूपाचे विशेषण ‘सोडिलेला’ होऊच शकत नाही. उच्चारात ‘ल्या’चा ‘ला’ होण्यास आणि लिहिताना जोडाक्षर सुटण्यास वेळ लागत नाही, तेव्हा स्खलनाची उपपत्तीही तयार आहे. पण क्षणभर थांबून ते विशेषण ‘गांवा’कडे न नेता ‘मी’कडे नेले, तर व्याकरण तंतोतंत जुळते आणि अर्थ पालटतो: मी सोडून आलेले गाव नव्हे, तर गावाने सोडून दिलेला मी त्या गावाला आठवीत आहे. आता हा पाठ चुकीचा म्हणावा की कवित्वाचा?

येथे अर्थाच्या सौंदर्यावर भाळून निकाल देणे हा रसिकांचा नेहमीचा प्रमाद आहे. चुकीतूनही सुंदर अर्थ निघू शकतो. मी असले प्रकरण तीन अंगांनी पाहीन. ‘ला’ची वही ‘ल्या’च्या वहीवरून उतरलेली आहे काय, म्हणजे तिच्यातील इतर चुका पहिलीशी जुळतात काय, हे आधी पाहावे, जुळत असतील तर तिच्या एकटीच्या साक्षीला वजन नाही. नंतर तिचा नकलकार इतरत्र ‘ल्या’, ‘च्या’, ‘त्या’ ही जोडाक्षरे नीट लिहितो काय ते पाहावे; नीट लिहीत असेल तर येथेच त्याचा हात घसरला असे मानण्यास काही निराळे कारण दाखवावे लागेल. आणि शेवटी, कवी कोण याचा माग लागला तर त्याच्या इतर रचनांत चौथ्या चरणी असे दूरचे, कर्त्याकडे परतणारे विशेषण पुन्हा आढळते काय ते धुंडाळावे. छंद येथे मदतीस येत नाही, कारण दोन्ही पाठ चारच अक्षरांचे आहेत. पण ज्या ठिकाणी छंद दोन्ही रूपांना सारखीच वाट देतो, तेथेच कवीची निवड खऱ्या अर्थाने निवड असते, आणि म्हणून शैलीचा शोध अशाच जागी घ्यावा. यमकाने जखडलेल्या जागी विचित्र रूप दिसले तर त्याला शैली म्हणण्याची घाई करू नये.

उलट दिशेची एक परीक्षाही सांगून ठेवतो. आजकाल जुन्या वळणाची भक्तिगीते रचणारे काही गीतकार ओळीला प्राचीनत्वाचा मुलामा यावा म्हणून टिंबे पेरतात. जुना लेखक नपुंसकलिंगी ‘माझें घर’ आणि अनेकवचनी ‘माझीं घरें’ यांवर अनुस्वार देई. ‘माझी वाट’ या स्त्रीलिंगी एकवचनावर तो कधी देत नसे. ‘माझीं वाट’ असे दिसले की हे आर्षत्व उसने आहे असे खुशाल समजावे. ज्याला नियम ठाऊक आहे त्याची मोड एका बाजूला झुकलेली असते; ज्याला तो ठाऊक नाही त्याची मोड चोहीकडे विखुरते.

बोलीच्या गीतांत हेच माप निराळ्या हाताने लावावे लागते. आमच्या माळशिरस भागात आणि शेजारच्या माणदेशात ‘हाय’, ‘न्हाई’, ‘पानी’, ‘म्या केलं’ ही रूपे घरोघर ऐकू येतात. त्यांतील ‘म्या’ हे तर जुन्या ग्रंथांतील ‘म्यां’चेच सरळ वंशज असल्याने, प्रमाण भाषेनेच तेथे वाट सोडली आहे असे म्हणावे लागेल. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी १९५५-५६ साली आकाशवाणीसाठी ‘गीतरामायण’ लिहिताना जी संस्कृतप्रचुर, निर्दोष मराठी वापरली, तिच्याशेजारी त्यांच्या चित्रपटांतील लावण्या ठेवून पाहाव्या. लावणीतले ग्रामीण रूप अज्ञानातून आले असा आरोप तेथे टिकणार नाही, कारण दुसऱ्या रूपाचा दाखला त्याच हातचा आहे. मम्मटाने अनुकरणाला दिलेली सूट ती हीच. मात्र तिलाही मर्यादा आहे. एकाच पात्राच्या तोंडी एका कडव्यात ‘पानी’ आणि पुढच्या कडव्यात ‘पाणी’ आले, आणि त्या बदलाला प्रसंगाचे काहीच कारण नसले, तर तेथे गीतकाराचे, नाहीतर गायकाचे, लक्ष उडाले असे मी म्हणेन. गायकाचे नाव मुद्दाम घेतो, कारण शहरी गळ्याला ‘न’चा ‘ण’ करण्याची सवय असते, आणि ध्वनिमुद्रिकेवरून उतरविलेल्या शब्दांत ती सवय कवीच्या खाती जमा होते.

नवकवितेविषयी फार बोलण्याची गरज नाही. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या तेव्हा त्यांतील मोडतोडीवर पुष्कळ गहजब झाला. पण तेथे कवीने पुरावा स्वतःच छापून ठेवला होता, कारण जुन्या छंदांवरील त्याची हुकमत त्याच पुस्तकात दिसत होती. वाद उरतो तो एकच पुस्तिका मागे ठेवून गेलेल्या, अनाम किंवा अल्पज्ञात कवीबद्दल. विचित्र रूप एकदाच आले, सर्व वह्या त्याबाबत एकमत, छंदाची सक्ती नाही आणि अर्थ दोन्हीकडे लागतो, अशी स्थिती असेल तर निकाल देण्याची कोणावरही जबरदस्ती नाही. अशा जागी संपादकाने वहीतील रूप अक्षरही न बदलता वर छापावे, त्यावर खूण करावी, आणि आपल्याला योग्य वाटणारा पाठ बारीक टाइपात खाली द्यावा. पण आमच्या चौकाप्रमाणे वह्यांतच दुमत असेल, तर ‘सोडिलेला’ वर आणि ‘सोडिलेल्या’ खाली, की उलट, हे ठरविताना वह्यांचे वय पाहावे. आणि वय कळत नसेल, तर जो पाठ फडात प्रत्यक्ष म्हटला जातो तो वर जाऊ द्यावा, फक्त तो केवळ म्हणण्यातला पाठ आहे एवढे तळटीपेत लिहून ठेवावे.