नाव कॅलेंडरात नाही

10 नोव्हेंबर 1483 रोजी जर्मनीतल्या आइस्लेबेन गावी एका घरात मुलगा झाला. दुसऱ्याच दिवशी त्याला बाप्तिस्म्यासाठी चर्चमध्ये नेलं. तो दिवस होता 11 नोव्हेंबर, म्हणजे तूरच्या संत मार्टिनचा सण. मुलाचं नाव मार्टिन ठेवलं गेलं. यात आईबापांनी फार डोकं चालवलं असेल असं नाही, नाव कॅलेंडरात आयतं लिहिलेलं होतं. हा मुलगा म्हणजे मार्टिन लूथर. पुढे संतांच्या भक्तीवर त्याने असा घाव घातला की अर्ध्या युरोपातून संतांची पूजा उठली. कॅलेंडरातली संतांची नावं मात्र जागची हलली नाहीत. ती का हलली नाहीत आणि आईबापांनी बाळाला काय हाक मारायची हे कॅलेंडर कुठवर ठरवत होतं, हे पाहण्यासारखं आहे.

संताचा दिवस कसा ठरतो ते आधी समजून घेऊ. तो बहुतेक वेळा त्याचा जन्मदिवस नसतो, तो मृत्यूचा दिवस असतो. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींनी हुतात्म्याच्या मृत्यूलाच त्याचा स्वर्गातला जन्म मानलं. मराठी वाचकाला हे परकं वाटायला नको, पुण्यतिथी आपल्याला चांगली ओळखीची आहे. जुन्या गोव्यात 3 डिसेंबरला फ्रान्सिस झेवियरचं फेस्त भरतं, ते 1552 साली तो त्याच तारखेला वारला म्हणून. मार्टिनच्या बाबतीत तर 11 नोव्हेंबर हा त्याला पुरल्याचा दिवस आहे, तो वारला 8 तारखेला. जन्मदिवसाचा मान अगदी मोजक्यांना मिळाला: येशू, त्याची आई मारिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान. गोव्यात 24 जूनला सांजांवच्या दिवशी पोरं डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात, तो या योहानाचा जन्मदिवस.

त्यामुळे ज्याला संताचं नाव मिळालं, त्याचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे त्या संताचा दिवस, त्याचा नामदिवस. स्वतःचा जन्मदिवस ही त्यामानाने खासगी बाब. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर 1566 साली निघालेल्या रोमन प्रश्नोत्तरीने तर स्पष्टच सांगितलं की बाळाला एखाद्या संताचं नाव द्यावं, म्हणजे त्याला आदर्श मिळेल आणि पाठीराखाही.

आता एक घर जरा जवळून पाहू. 27 जानेवारी 1756 रोजी साल्झबुर्गमध्ये एक मुलगा जन्मला. दुसऱ्या दिवशी चर्चच्या वहीत त्याचं नाव लॅटिनमध्ये लिहिलं गेलं: योआनेस क्रिसोस्टोमस वोल्फगांगस थिओफिलस. या एका ओळीत नाव ठरवणारे तीन हक्कदार रांगेने उभे आहेत. पहिली दोन नावं कॅलेंडरची, कारण तेव्हा 27 जानेवारी हा संत जॉन क्रिसोस्टोमचा दिवस होता. तिसरं नाव घराण्याचं, आईच्या वडिलांचं. चौथं धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणाऱ्या गृहस्थाचं. थिओफिलस म्हणजे ‘देवाला प्रिय’. पुढे मुलाने त्याचं फ्रेंच वळणाचं आमादे केलं. जग त्याला मोझार्ट म्हणून ओळखतं.

कॅलेंडरने पहिली दोन नावं दिली खरी, पण त्या नावांनी त्याला फारसं कुणी हाकारलं नाही. घरात आजोबांचं नाव चाललं. म्हणून त्याचा नामदिवस पडला संत वोल्फगांगच्या दिवशी, 31 ऑक्टोबरला. 1781 साली व्हिएन्नात त्या दिवशी रात्री अकरा वाजता खालच्या अंगणात सहा वादक येऊन उभे राहिले आणि त्याचीच एक नवी रचना त्यांनी वाजवली. हे त्याने वडिलांना पत्रातून कळवलं. हीच रचना पंधरा दिवसांपूर्वी, संत तेरेसाच्या दिवशी, एका तेरेसासाठी वाजवून झाली होती. एका नामदिवसाची भेट दुसऱ्या नामदिवसाला फिरली, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

नामदिवसाची खरी गंमत इथेच आहे. तो लपून राहत नाही. वाढदिवस आठवावा लागतो, नामदिवस भिंतीवर छापलेला असतो. पोलंडमध्ये त्याला ‘इमियेनिनी’ म्हणतात. वाढदिवस असणाऱ्यासाठी आणि नामदिवस असणाऱ्यासाठी तिथे वेगवेगळे शब्द आहेत, पहिला ‘युबिलात’, दुसरा ‘सोलेनिझांत’. 19 मार्चला सगळे युझेफ सोलेनिझांत, 26 जुलैला सगळ्या आना. वय किती झालं हा प्रश्नच येत नाही, ही प्रौढांना मोठीच सवलत. अडचण येते ती यान किंवा मारिया यांना, कारण त्यांचे दिवस कॅलेंडरात जागोजागी विखुरलेले असतात. मग आपल्या जन्मतारखेनंतर जो पहिला येतो तो धरायचा, अशी सर्वसाधारण रीत. लातव्हियात तर ज्यांचं नाव कॅलेंडरात नाहीच, अशा सर्वांसाठी 22 मे हा दिवस राखून ठेवला आहे.

फ्रान्समध्ये अशी मोकळीक नव्हती. तिथे कॅलेंडरच कायदा झालं.

1793 साली क्रांतिकारकांनी संतांचं कॅलेंडर रद्द करून नवं लागू केलं. संतांच्या जागी बहुतेक दिवशी एक वनस्पती, दर पाचव्या दिवशी एक प्राणी, दर दहाव्या दिवशी एक अवजार. जर्मिनाल महिन्यात 3 तारखेला शतावरीच्या जातीची भाजी, 5 तारखेला कोंबडी. उत्साही क्रांतिकारक आईबापांनी मुलांची नावंही या कॅलेंडरातून आणि रोमन वीरांच्या यादीतून काढायला सुरुवात केली. दहा वर्षांत सरकारला हे आवरावंसं वाटलं आणि जर्मिनालच्या 11 तारखेला, म्हणजे 1 एप्रिल 1803 रोजी, कायदा आला: जन्मनोंदणीत फक्त निरनिराळ्या कॅलेंडरांत रूढ असलेली नावं आणि प्राचीन इतिहासातल्या ज्ञात व्यक्तींची नावं स्वीकारली जातील. फुलाझाडांच्या नावांना लगाम घालणाऱ्या या कायद्यावर तारीख पडली ती क्रांतीच्याच कॅलेंडरातली. आणि त्या कॅलेंडरात 11 जर्मिनाल हा दिवस एका फुलाचाच आहे, सदाफुलीच्या गोतातल्या एका निळ्या फुलाचा.

कायद्यात ‘कॅलेंडर’ म्हणजे नेमकं कोणतं, हे लिहिलेलं नव्हतं. व्यवहारात ते नोंदणी कचेरीतल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर गेलं. पोस्टमन वर्षाअखेरीला घरोघर विकतो ते टपाल खात्याचं कॅलेंडर फ्रान्समध्ये घराघरात असे, आणि अनेकांच्या दृष्टीने तेच शेवटचं प्रमाण. ब्रिटनी प्रांतातल्या ब्रेटन भाषेच्या नावांना त्यात जागा नव्हती, त्यामुळे तिथल्या आईबापांना कचेरीतून परत पाठवलं जाई. फ्रेंच वसाहतींमधून एक किस्सा आवर्जून सांगितला जातो: 14 जुलैला जन्मलेल्या बाळाचं नाव काढायला कॅलेंडर पाहिलं, तर तिथे ‘राष्ट्रीय सण’ या शब्दांचं आखूड रूप छापलेलं. बाळाचं नाव पडलं फेतनात. किस्सा वाढवून सांगितलेला असेल, पण तो रचायला कॅलेंडरचा तेवढा धाक असावाच लागतो.

1966 साली सरकारने परिपत्रक काढून हात थोडा सैल सोडला. प्रादेशिक नावं, पुराणकथांतली नावं, जोडनावं यांना वाट मिळाली. तरी कायदा तोच राहिला. तो किती बारकाईने लागू होत होता, हे 1983 च्या एका प्रकरणातून दिसतं. एप्रिल महिन्यात एका दाम्पत्याने मुलीचं नाव ‘फ्लर द मारी’, म्हणजे मारियेचं फूल, असं सांगितलं. हे नाव एजेन स्यू याच्या एकोणिसाव्या शतकातल्या गाजलेल्या कादंबरीच्या नायिकेचं. अधिकाऱ्याने नकार दिला, कारण नाव कुठल्याही कॅलेंडरात नाही.

आता वाद कुठे आहे पाहा. मारी हे नाव तर कॅलेंडरभर आहे. फ्लरही आहे, 5 ऑक्टोबरला. आक्षेप होता तो मधल्या ‘द’ला, म्हणजे आपल्या ‘चं’ला. दोन संतनावं शेजारी चालतात, पण त्यांच्यात षष्ठी घातली की ते नाव राहत नाही, कल्पनाविलास होतो, असा न्यायालयांचा सूर. ‘फ्लर-मारी’ नोंदवायला न्यायालय तयार होतं, आईबाप तयार नव्हते. प्रकरण वरच्या न्यायालयांत हरत हरत स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं. तिथे 24 ऑक्टोबर 1996 रोजी निकाल लागला. न्यायालयाने मान्य केलं की मुलाचं नाव ही आईबापांच्या खासगी आयुष्यातलीच बाब आहे. पण मुलगी रोजच्या व्यवहारात ते नाव विनाअडथळा वापरते आहे आणि फ्लर-मारी देऊ केलेलंच होतं, तेव्हा झालेली गैरसोय हक्कभंग ठरावा एवढी मोठी नाही, असं सात विरुद्ध दोन मतांनी ठरलं. मला स्वतःला त्या दोन न्यायाधीशांचं मत जवळचं वाटतं.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, आणि ज्या कायद्यापायी हे घडलं तो निकालाच्या आधीच गेला होता. 8 जानेवारी 1993 च्या कायद्यापासून फ्रान्समध्ये नाव आईबाप निवडतात. मुलाला जाचेल असं काही दिसलं, तर अधिकारी सरकारी वकिलाला कळवतो आणि निर्णय न्यायाधीश घेतो. कॅलेंडरचा संबंध संपला.

उत्तरेकडे लूथरला मानणाऱ्या देशांत गाडी उलटी चालली. स्वीडनमध्ये संतांची भक्ती गेली, पण पंचांग छापणाऱ्यांना तारखांपुढची नावं हवीच होती, कारण लोक बाजार, पेरणी आणि हवामानाचे ठोकताळे त्या नावांवरूनच बोलत. 1747 साली स्वीडनच्या विज्ञान अकादमीला पंचांग छापण्याचा मक्ता मिळाला, तो 1972 पर्यंत टिकला. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं संतांची नावं शास्त्रज्ञांच्या ताब्यात होती! 1901 साली अकादमीने यादी चाळली. ज्या संतांचं नाव कुणी स्वीड ठेवत नव्हता त्यांना काढलं, आणि गुन्नार, आस्त्रिद अशी लोकांच्या घरातली नावं घातली, त्यांच्यामागे संत असो नसो. इथे कॅलेंडर नाव देत नव्हतं, नावामागून चालत होतं.

मक्ता गेल्यावर घोळ झाला. 1986 साली एका दिवसाला तीन-तीन नावं छापली गेली, 1993 साली पुन्हा नवी यादी, आणि ज्याच्या त्याच्या भिंतीवर वेगळं कॅलेंडर. नामदिवस शेजाऱ्याला ठाऊक असतो म्हणूनच तो चालतो, आता शेजाऱ्याच्या कॅलेंडरात दुसरीच तारीख. 2001 साली सर्वांनी मिळून एक यादी ठरवली आणि हा गोंधळ मिटला. फिनलंडने असं होऊच दिलं नाही. तिथे हेलसिंकी विद्यापीठाची पंचांग कचेरी यादी सांभाळते आणि दर पाच वर्षांनी लोकांत रुळलेली नवी नावं तिच्यात घालते. कुत्री, मांजरं आणि घोडे यांच्या नामदिवसांच्या याद्याही तीच काढते.

1969 साली रोमने आपलं कॅलेंडर नव्याने लावलं, तेव्हा संत थॉमसला 21 डिसेंबरवरून 3 जुलैला नेलं. स्टॉकहोम आणि हेलसिंकीत तो अजून 21 डिसेंबरलाच आहे. पोपचं ऐकायचं नाही हे तर तिथे लूथरच्या काळापासून ठरलेलं.

आणि लूथर? 11 नोव्हेंबरला स्वीडनच्या कॅलेंडरात अजूनही तूरचा संत बसलेला आहे, मोर्तेन या स्वीडिश रूपात. आदल्या दिवशी, 10 तारखेला, लिहिलेलं असतं मार्टिन. ही लूथरच्या जन्मदिवसाची आठवण. त्याच संध्याकाळी दक्षिण स्वीडनच्या स्कोने भागात हंसाच्या भाजलेल्या मांसाचं जेवण असतं. ते मोर्तेनच्या नावाने होतं, मार्टिनच्या दिवशी.