मुद्रकाला पत्र: रंग का बदलले आणि समास का कमी झाला?

समजा, पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशकाने मुलांच्या गोष्टींचं रंगीत पुस्तक छापून घेतलं. आकार डेमी, म्हणजे १४० × २१६ मिलिमीटर, आणि प्रती हजार. गठ्ठे आले. उघडून पाहिलं तर केशरी आकाश विटकरी झालेलं, पानाचा आकडा कडेला चिकटल्यासारखा, आणि चित्रातल्या मुलीच्या हातातला पतंग अर्धा कापलेला. अशा वेळी पहिलं पत्र साधारण असं जातं: “छपाई अत्यंत निकृष्ट आहे, आम्ही पैसे देणार नाही.” मुद्रकाचं उत्तरही ठरलेलं असतं: “तुमच्या फाइलमध्ये होतं तेच छापलं.” तिथेच बोलणं थांबतं. कारण दोष फाइलमध्ये होता की छापखान्यात शिरला, हे त्या पत्रात कुठेच नसतं.

ते शोधता येतं. त्यासाठी मिलिमीटरची पट्टी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

आधी समास पाहू. या पुस्तकाच्या पानाची मांडणी अशी होती: बांधणीकडे २० मिलिमीटर कोरी जागा, मग १०८ मिलिमीटर मजकूर आणि बाहेरच्या बाजूला १२ मिलिमीटर समास. बेरीज १४०. चित्रं पानाच्या कडेपर्यंत जात असल्याने पीडीएफमध्ये चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा चित्र ठेवलं होतं. याला ब्लीड म्हणतात. कटिंग केसभर इकडेतिकडे झालं तरी कडेला पांढरी रेघ दिसू नये, एवढ्यासाठी ते असतं.

छापील प्रतीत बाहेरचा समास ९ मिलिमीटर भरला. नुसत्या या आकड्यावरून काही ठरत नाही. आता मजकुराची रुंदी मोजायची. ती ११२ ते ११३ मिलिमीटर आली असती, तर छापखान्याने पानच मोठं केलं असं निघालं असतं. बिनब्लीडची फाइल आली की हे सर्रास होतं: १४० चं पान ताणून १४६ करतात आणि कडा कापून टाकतात. तसं झालं असतं तर मूळ चूक प्रकाशकाची ठरली असती. पण मजकूर बरोबर १०८ भरला, बांधणीकडची जागाही २० च राहिली. म्हणजे पान ताणलेलं नाही. मग पुस्तकाची रुंदी मोजली, ती १४० ऐवजी १३७ निघाली. ३ मिलिमीटर कागद बाहेरच्या कडेने जास्त कापला गेला होता.

असं का होतं, ते कागदात आहे. डेमीची पुस्तकं बहुधा २३ × ३६ इंची कागदावर छापतात. २३ इंच म्हणजे ५८४ मिलिमीटर, आणि त्यात चार पानं आडवी बसतात. पण यंत्र कागद ज्या कडेने धरतं, ती ग्रिपरची साधारण १२ मिलिमीटर पट्टी छापता येत नाही. उरले ५७२, म्हणजे पानाला १४३. परफेक्ट बाइंडिंगमध्ये गोंद धरावा म्हणून पाठीकडचे ३ मिलिमीटरपर्यंत घासले जातात आणि बाहेरच्या ब्लीडचे आणखी ३ जातात. तयार पान उरतं १३७ चं. नुसत्या मजकुराच्या पुस्तकात कडेला शाईच नसते, म्हणून ही ओढाताण कुणाला जाणवत नाही. कडेपर्यंत चित्रं आली की मोठा कागद घ्यावा लागतो किंवा घासावी न लागणारी दोऱ्याची शिलाई करावी लागते. हे छपाईआधी प्रकाशकाला सांगणं मुद्रकाचं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कागदाचं गणित त्याच्या हातात असतं.

रंगांचं प्रकरण जास्त नाजूक. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो. छपाई सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांनी होते. पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा निळा शाईत उतरतच नाही. मॅपलिथोसारखा कागद शाई शोषतो, त्यावर रंग आणखी मंद दिसतात. फाइल आरजीबीमध्ये पाठवली असेल, किंवा तुलना फक्त लॅपटॉपच्या पडद्याशी असेल, तर तक्रारीला पाया नाही. तुलना हवी ती मंजूर केलेल्या, सही असलेल्या प्रूफशी.

वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या प्रतींचं एकच पान शेजारी ठेवून पाहायचं. केशरी कुठे गडद, कुठे फिकं असेल तर यंत्रावर शाईचं प्रमाण सांभाळलेलं नाही. सगळीकडे सारखंच विटकरी असेल तर दोष प्लेट बनण्याआधीचा आहे.

इथे सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे काळा मजकूर. पीडीएफमध्ये अक्षरं फक्त काळ्या शाईत होती. अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये एकेक शाई बंद करून ते दाखवता येतं. छापलेलं अक्षर भिंगाखाली धरलं, तर कडेला निळसर-गुलाबी झाक आणि आत चारही रंगांचे ठिपके दिसले. याचा अर्थ फाइल छापखान्यात आल्यावर कुणीतरी तिचे रंग आरजीबीमध्ये नेले आणि पुन्हा चार शायांत आणले. त्याच फेऱ्यात केशरीही बदललं. बहुतेक वेळा घाईत पीडीएफ एखाद्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पानं लावल्याने हे घडतं. मराठी पुस्तकात याची आणखी एक खूण सापडू शकते: वेलांटी सरकलेली असते, एखादं जोडाक्षर फुटलेलं असतं. म्हणून मजकूरही पुन्हा वाचावा.

एवढं हाती आल्यावर पत्र छोटंच राहतं:

“स. न. वि. वि. आपण पाठवलेल्या १००० प्रती मिळाल्या. ठरलेली रुंदी १४० मि.मी. होती, प्रतींची रुंदी १३७ मि.मी. आहे. मजकुराची रुंदी फाइलप्रमाणेच १०८ मि.मी. आहे, बाहेरचा समास मात्र १२ ऐवजी ९ मि.मी. आहे. फाइलमध्ये फक्त काळ्या शाईत असलेला मजकूर चार शायांत छापला गेला आहे. चित्रांतला केशरी रंग मंजूर प्रूफशी जुळत नाही आणि हा फरक तपासलेल्या सर्व प्रतींत सारखाच आहे. सोबत दोन प्रती, प्रूफ आणि पाठवलेली मूळ पीडीएफ जोडत आहोत. प्रती आम्ही स्वीकारलेल्या नाहीत, त्या विक्रीला काढलेल्या नाहीत. प्लेट ज्या फाइलवरून काढल्या ती फाइल कृपया दाखवावी.”

“स्वीकारलेल्या नाहीत” हे वाक्य विसरू नये. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे माल ठेवून घेऊन वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. पुस्तक छापून देणं ही विक्री की नुसतं काम, यावर वकील वाद घालू शकतात. तरी चार दुकानांत प्रती ठेवून मग तक्रार केली, तर ती कमजोर होणारच.

राहते मागणी. दोषी फर्मे तेवढे बदलून द्या, असं लिहिण्यात अर्थ नाही. परफेक्ट बाइंडिंग उकलून पुन्हा बांधायचं तर पाठ परत घासावी लागते, कडा परत कापावी लागते, आणि आधीच ९ वर आलेला समास आणखी घटतो. म्हणून दोनच मागण्या व्यवहारात बसतात: मोठ्या कागदावर, नव्या प्रूफवर सही घेऊन आतली पानं आणि मुखपृष्ठ दोन्ही पुन्हा छापणं, किंवा प्रती आहेत तशा ठेवून बिलातून ठरावीक रक्कम कमी करणं. पतंग अर्धा कापलेल्या पुस्तकासाठी मी पहिलीच मागणी लिहीन, आणि तिच्यासोबत कागदाचा खर्च कोण उचलणार हेही त्याच पत्रात विचारून घेईन.