रजोनिवृत्तीच्या काळातील पोटफुगी

‘डॉक्टर, सकाळी सैल असणारा परकर संध्याकाळी कमरेला काचतो,’ एक्कावन्न वर्षांच्या एक गृहिणी सांगत होत्या. पाळी वर्षभरापासून अनियमित झाली होती आणि शौचास तीन-तीन दिवस होत नव्हते. कोणीतरी सुचवले म्हणून त्यांनी एकाच दिवसापासून वाटीभर मोड आलेली मटकी, कोंड्याची पोळी आणि दोन चमचे इसबगोल सुरू केले. पोट अधिकच फुगले.

रजोनिवृत्तीच्या आसपास इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी अनियमितपणे वरखाली होते. आतड्याच्या स्नायूंवरही त्यांचा प्रभाव असतो. आतड्याची गती मंदावली की मलातील पाणी अधिक शोषले जाते, मल कठीण होतो आणि वायू साचून राहतो. मात्र सारा दोष संप्रेरकांचा नसतो. या बाईंचे गुडघे दुखत असल्याने चालणे सुटले होते, तसेच त्या कॅल्शियम कार्बोनेटची गोळी घेत होत्या. या गोळीनेही बद्धकोष्ठता होते.

मग त्यांच्या उपायाने त्रास का वाढला? आतड्यातील जिवाणू तंतूंचे विघटन करताना वायू निर्माण करतात. तंतुमय आहार एकदम वाढवला तर हा वायू पोटात मावत नाही. शिवाय त्या इसबगोल अर्ध्या पेल्या पाण्यात घेत होत्या.

म्हणून मटकी आणि कोंडा आम्ही तूर्त थांबवला. पहिल्या आठवड्यात फक्त एक चमचा इसबगोल, तेही पेलाभर पाण्यात ढवळून लगेच, आणि त्यावर आणखी पेलाभर पाणी. दुसऱ्या आठवड्यात एका पोळीऐवजी ज्वारीची भाकरी व एक पालेभाजी. तिसऱ्यात शिजवलेली मटकी, पाव वाटीपासून. स्त्रीला दिवसाला साधारण 25 ग्रॅम तंतू पुरतात. तिथवर दोन-तीन आठवड्यांत पोहोचावे. कॅल्शियमचा प्रकार बदलून दिला. दोन्ही जेवणांनंतर सपाट जागी पंधरा मिनिटे चालणे, आणि न्याहारीनंतर घाई न करता, पायांखाली पाट ठेवून शौचास बसणे ठरले. कारण खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल स्वभावतःच वाढते. महिन्याभरात एक दिवसाआड पोट साफ होऊ लागले.

संप्रेरकांमुळे होणारी फुगी बहुधा येते आणि ओसरते. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली फुगी जर ओसरतच नसेल, किंवा महिन्यात बारापेक्षा अधिक दिवस होत असेल, दोन घासांतच पोट भरत असेल, ओटीपोट दुखत असेल वा लघवीला वारंवार जावे लागत असेल, तर ‘गॅस’ म्हणून थांबू नये. अंडाशयाच्या कर्करोगाची सुरुवात अशीच असू शकते. त्यासाठी पोटाची तपासणी, सोनोग्राफी आणि सीए-125 ही रक्ततपासणी करतात. मलातून रक्त, अकारण घटणारे वजन, रक्तक्षय, किंवा पाळी वर्षभर थांबल्यानंतर पुन्हा झालेला रक्तस्राव, यांपैकी काहीही असल्यास आहाराचे प्रयोग न करता आधी डॉक्टरांना दाखवावे. बद्धकोष्ठतेसोबत थकवा आणि थंडी वाजणे असेल, तर थायरॉईडही तपासावे.