नेमका परिच्छेद आणि न छापलेला निकाल

प्रशासकीय कायद्यावरच्या निबंधात निकालाचे नाव आणि खंड-पान दिले की संदर्भ पुरा झाला, असे पुष्कळ विद्यार्थी धरून चालतात. पण साठ पानांच्या निकालपत्रातले कोणते विधान आपल्या मुद्द्याला आधार देते, हे परिच्छेद क्रमांकाशिवाय कळत नाही. गेल्या आठवड्यातले समांतर संदर्भ वाचकांच्या लक्षात असतीलच. त्याच्या पुढची पायरी ही.

उदाहरण खानदेशाच्या ओळखीचे घेऊ. विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 4 मार्च 2021 चा. जिल्हा परिषद कायद्यातल्या कलम 12(2)(क) खालचे इतर मागासवर्गीयांचे आरक्षण एकूण 50 टक्क्यांच्या मर्यादेत बसवावे लागेल, असे त्यात ठरले. त्यामुळे धुळे, नंदुरबारसह काही जिल्हा परिषदांतल्या जागा रिक्त झाल्या आणि ऑक्टोबर 2021 मध्ये पोटनिवडणुका झाल्या. निकाल लागला त्या दिवशी तो कुठल्याच खंडात छापलेला नव्हता. तेव्हा त्याचा संदर्भ असा: रिट याचिका (दिवाणी) क्र. 980/2019, सर्वोच्च न्यायालय, निकाल दि. 4 मार्च 2021, परिच्छेद अमुक. पुढे तो (2021) 6 एससीसी 73 म्हणून छापला गेला. आज लिहिणाऱ्याने छापील संदर्भ द्यावा. याचिका क्रमांकाचा संदर्भ मागे ठेवायचे कारण उरले नाही.

याच निकालात परिच्छेदाची गरज नीट दिसते. आरक्षणाची ‘तिहेरी चाचणी’ सांगताना बरेच जण के. कृष्ण मूर्ती या 2010 च्या घटनापीठाच्या निकालाचा हवाला देतात. तत्त्वाचा उगम तिथेच आहे, पण तीन अटींची सुटसुटीत मांडणी गवळी निकालात आहे. ज्याला अटींची यादी द्यायची आहे, त्याने गवळीतला परिच्छेद द्यावा. ज्याला उगम दाखवायचा आहे, त्याने दोन्ही द्यावेत. निकालपत्र दुसऱ्या निकालातला उतारा देत असेल, तर ‘उद्धृत’ असे लिहून मूळ निकालाचे नावही द्यावे. मोहिंदर सिंग गिल (1978) 1 एससीसी 405 च्या आठव्या परिच्छेदाबाबत मूळ निकालाचे नाव न देण्याची चूक नेहमी होते. आदेशाची वैधता त्यात नोंदलेल्या कारणांवरूनच तपासायची, नंतर शपथपत्राने नवी कारणे पुरवायची नाहीत, हे तत्त्व त्या परिच्छेदात आहे. पण त्याखालचा उतारा न्या. बोस यांचा, मुंबईच्या गोर्धनदास भानजी खटल्यातला आहे (एआयआर 1952 एससी 16).

धुळ्याहून एका वाचकाने विचारले आहे, की दोन प्रकाशनांत एकाच विधानाला वेगळे परिच्छेद क्रमांक कसे? जुन्या निकालपत्रांत न्यायालय परिच्छेदांना क्रमांक देतच असे असे नाही. ते प्रकाशकांनी घातले, आणि प्रत्येकाने आपापल्या रीतीने. म्हणून ज्या प्रकाशनाचा खंड नमूद केला, त्याचाच परिच्छेद द्यायचा. एआयआरचे पान आणि एससीसीचा परिच्छेद ही जोडी परीक्षकाला सापडत नाही.

जळगाव, धुळ्याच्या प्रशासकीय वादांतले पुष्कळ निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे, आणि त्यांतले बहुतेक न छापलेले. सरपंच अपात्रता, रास्त भाव दुकानाचा परवाना, जात पडताळणी या विषयांवरचे उपयोगी निकाल तिथे मिळतात. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, याचिका क्रमांक प्रत्येक पीठात स्वतंत्र चालतात. एकाच वर्षाची, एकाच क्रमांकाची रिट याचिका मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशा तिन्ही ठिकाणी असू शकते. म्हणून खंडपीठाचे नाव संदर्भात हवेच. दुसरा खड्डा तारखेचा. उतरवून घेतलेल्या पीडीएफच्या तळाशी ‘Uploaded on’ आणि ‘Downloaded on’ अशा दोन तारखा छापलेल्या येतात. त्यांतली एकही निकालाची नव्हे. निकालाची तारीख न्यायमूर्तींच्या नावांजवळ असते. तिथे राखून ठेवल्याची आणि जाहीर केल्याची अशा दोन तारखा असतील, तर जाहीर केल्याची घ्यायची.

2023 पासून निकालांना तटस्थ क्रमांक मिळू लागला. सर्वोच्च न्यायालयाचा ‘2024 INSC’ आणि पुढे अनुक्रमांक, तर औरंगाबादचा ‘2024:BHC-AUG:’ आणि पुढे क्रमांक; शेवटी ‘-DB’ असेल तर तो द्विसदस्यीय पीठाचा निकाल. हा क्रमांक पहिल्या पानावर असतो. तो असेल तर न छापलेल्या निकालालाही कायमचा पत्ता मिळतो आणि परिच्छेद मूळ निकालपत्रातलाच द्यायचा असतो. ‘SCC OnLine’ किंवा ‘MANU’ क्रमांक सशुल्क संग्रहांचे असतात; ज्याच्याकडे वर्गणी नाही त्याला त्यावरून निकाल शोधता येत नाही, म्हणून सोबत याचिका क्रमांक, पीठ आणि तारीख द्यावी. संकेतस्थळाचा नुसता दुवा पुरेसा नाही, कारण दुवे बदलतात.

छापलेला नाही म्हणून निकालाचे वजन कमी होत नाही. पण तो अंतरिम आदेश आहे की अंतिम निकाल, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात फिरला का, हे लिहिणाऱ्याने स्वतः तपासावे. छापील खंडातली शीर्षटीप इथे मदतीला नसते. न्यायाधिकरणांचे आदेश, म्हणजे मॅटचे, याच रीतीने द्यायचे की नाही, हा वेगळा विषय. तो पुढच्या आठवड्यात.